एक जाहिरात, एक पान, एक बटण

ठाण्यात घरोघरी जाऊन आरओ फिल्टर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने गूगलवर जाहिरात दिली, असं समजू. 'आरओ दुरुस्ती ठाणे' असं शोधणाऱ्याला त्याची ओळ दिसते : 'ठाण्यात आरओ दुरुस्ती, आजच घरी'. त्यावर क्लिक झालं की पैसे कापले जातात, मग काम मिळो वा न मिळो. म्हणून क्लिकनंतर उघडणारं पान त्या ओळीसाठीच बनवलेलं हवं.

बहुतेक जण इथे वेबसाइटचं पहिलं पान जोडून मोकळे होतात. त्यावर नव्या मशिनची विक्री, वार्षिक देखभाल, 'आमच्याविषयी' असं सगळं असतं. घरातला फिल्टर गळत असलेल्या माणसाला त्यात दुरुस्ती शोधावी लागते आणि तो मागे फिरतो.

वेगळ्या पानाचा मथळा जाहिरातीतल्याच शब्दांत लिहावा : 'ठाण्यात आरओ दुरुस्ती, आजच घरी'. तिथे 'शुद्ध पाण्याचे विश्वासू सोबती' लिहिलं, तर आपण योग्य जागी आलो की नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'आजच' कबूल केलं असेल, तर किती वाजेपर्यंत फोन केल्यास त्याच दिवशी माणूस येईल, हे लगेच खाली सांगावं. मग व्हिजिट चार्ज, कोणत्या कंपन्यांची मशिनं दुरुस्त होतात आणि कोणत्या भागात सेवा मिळते, एवढं पुरे. देखभाल करारासाठी जाहिरात करायची असेल, तर तिला निराळं पान द्यावं.

बटण एकच : 'फोन करा'. मोबाइलवर दाबताच नंबर लागला पाहिजे. वरचा मेनू, फेसबुकची खूण, इतर पानांच्या लिंक काढून टाकाव्यात. त्यातली प्रत्येक गोष्ट माणसाला फोनपासून दूर नेते. लांबलचक पानावर तेच बटण खाली पुन्हा द्यायला हरकत नाही.

बटण किती वेळा दाबलं गेलं, हे गूगल अॅड्समध्ये कन्व्हर्जन म्हणून नोंदवता येतं. पण दाबणं म्हणजे बोलणं झालं असं नव्हे, त्यामुळे हा आकडा आपल्या कॉलच्या वहीशी ताडून पाहावा. समजा, एका क्लिकला २० रुपये पडतात. १०० क्लिकमधून ४ कामं मिळाली, तर एका कामामागे जाहिरातीचे ५०० रुपये गेले. ८ मिळाली, तर २५०.

कामं येत नसतील, तर गळती कुठे आहे ते पाहावं. लोक पान उघडताच परत जात असतील, तर मथळा जुळत नाही किंवा जड फोटोंमुळे पान उशिरा उघडतं. वाचूनही बटण दाबत नसतील, तर बहुधा दर किंवा वेळ स्पष्ट नाही. फोन येतात पण 'दुरुस्तीचा कोर्स शिकवता का?' असं विचारतात, तेव्हा दोष पानाचा नाही. सर्च टर्म्सच्या अहवालात असे शब्द शोधून ते निगेटिव्ह कीवर्ड म्हणून टाकावेत. या तीन गोष्टी तपासल्याशिवाय जाहिरातीचं बजेट वाढवू नका.