विश्लेषण : बीपीची गोळी सुरू असताना झोपेची गोळी चालते का?

‘वडिलांना बीपीची गोळी चालू आहे. काल डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. दोन्ही एकत्र घेतल्या तर चालतील का?’ असा मेसेज औषध दुकानदाराच्या फोनवर हल्ली अनेकदा येतो. पाठवणाऱ्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. पण ‘बीपीची गोळी’ हे एका औषधाचे नाव नाही आणि ‘झोपेची गोळी’ हेही नाही. म्हणून जाणकार फार्मासिस्ट उत्तर देण्याआधी स्वतःच चार प्रश्न विचारतो. ते कोणते, कशासाठी आणि त्यातून काय निष्पन्न होते, याचा हा आढावा.

फार्मासिस्ट आधी काय विचारतो?

पहिली विनंती असते सर्व गोळ्यांच्या पाकिटांच्या फोटोची. ब्रँडचे नाव नव्हे, तर पाकिटावर बारीक अक्षरात छापलेले मूळ औषधाचे नाव आणि त्याचे मिलिग्रॅम वाचता आले पाहिजेत. दुसरा प्रश्न वयाचा. तिसरा, कोणती गोळी किती वाजता घेतली जाते. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : या दोन गोळ्यांखेरीज आणखी काय चालू आहे? दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेले औषध, सर्दीची गोळी, खोकल्याचे पातळ औषध, मद्य, सगळेच त्यात आले.

उदाहरणादाखल वरच्या मेसेजमागचा रुग्ण ७१ वर्षांचा आहे असे समजू. सकाळी नाश्त्यानंतर टेल्मिसार्टन ४० आणि अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची एकत्रित गोळी. नवी झोपेची गोळी झोल्पिडेम, १० मिलिग्रॅम. चौथ्या प्रश्नाच्या उत्तरात एक गोष्ट नव्याने कळते. प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली टॅम्सुलोसिन ०.४ मिलिग्रॅमची कॅप्सूल ते रात्री जेवणानंतर घेतात. मुलाने तिचा उल्लेख केला नव्हता, कारण ती ना बीपीची, ना झोपेची.

या दोन गोळ्यांचे आपसात भांडण आहे का?

औषधे एकमेकांना दोन प्रकारे अडवतात. पहिला प्रकार यकृतातला. बहुतेक झोपेच्या गोळ्यांचे विघटन यकृतातील एन्झाइम करतात. दुसऱ्या एखाद्या औषधाने त्या एन्झाइमचे काम रोखले, तर झोपेची गोळी रक्तात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहते. गोळी एकच घेतली, पण परिणाम दीड-दोन गोळ्यांचा, असे होऊ शकते.

आपल्या उदाहरणात हा धोका नाही. टेल्मिसार्टन या एन्झाइमच्या वाटेलाच जात नाही. अॅम्लोडिपिन त्याच एन्झाइमकडून मोडले जाते खरे, पण झोल्पिडेमचे प्रमाण वाढेल इतका अडथळा ते आणत नाही. त्यामुळे या दोन गोळ्यांपुरते उत्तर ‘रासायनिक अडचण नाही’ असे आहे.

हेच उत्तर शेजारच्या रुग्णाला मात्र लागू होत नाही. त्याची ‘बीपीची गोळी’ डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल असेल, तर ती हे एन्झाइम बऱ्यापैकी रोखते. अशा वेळी अल्प्राझोलामसारखी झोपेसाठी दिली जाणारी गोळी अपेक्षेपेक्षा जास्त गुंगी आणू शकते. झोल्पिडेमचे विघटन एकापेक्षा जास्त एन्झाइम करत असल्याने तिथे हा परिणाम कमी असतो. नायट्यासाठी दिली जाणारी इट्राकोनाझोलची कॅप्सूल तर हे एन्झाइम फारच जोरात रोखते. तिच्याबरोबर अल्प्राझोलाम देऊच नये, असा निर्देश आहे. त्वचेचे औषध म्हणून घरचे लोक ते सांगत नाहीत, म्हणून फार्मासिस्ट ‘आणखी काय चालू आहे’ हे पुन्हा पुन्हा विचारतो.

मग खरा धोका कुठे आहे?

दुसऱ्या प्रकारात. इथे एक औषध दुसऱ्याचे प्रमाण वाढवत नाही. दोन्ही आपापले काम नीट करतात, पण त्या कामांची बेरीज महाग पडते.

माणूस अंथरुणातून उठून उभा राहतो तेव्हा बरेचसे रक्त पायांकडे उतरते. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळते आणि मेंदूकडचा दाब टिकवते. वयाबरोबर ही क्रिया सुस्तावते. टॅम्सुलोसिन प्रोस्टेटजवळचे स्नायू सैल करते, पण काही जणांत रक्तवाहिन्याही थोड्या सैल पडतात. बीपीच्या गोळीने दाब आधीच खाली आणलेला असतो. रक्तदाबासाठीच दिल्या जाणाऱ्या प्राझोसिनमध्ये उभे राहताच दाब घसरण्याचा हा गुण आणखी ठळक असतो, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत.

आता रात्री दोनचा प्रसंग पाहू. प्रोस्टेटच्या त्रासामुळे या गृहस्थांना रात्रीतून दोनदा लघवीला उठावे लागते. झोल्पिडेम घेऊन चार तास झालेले असतात. रक्तातील तिचे प्रमाण साधारण अडीच तासांत निम्म्यावर येते, ज्येष्ठांमध्ये त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे दोन वाजता गोळीचा अंमल पुरता उतरलेला नसतो. अर्धवट झोप, तोल सैल, त्यात उठताच दाब घसरलेला आणि बाथरूमची ओली फरशी. या वयात अशा पडण्यातून खुब्याचे हाड मोडते. मेसेज विचारतो गोळ्यांबद्दल, पण काळजी करायची ती पडण्याची.

हा धोका घरी ओळखता येतो का?

घरात बीपीचे मशीन असेल तर येतो. पाच मिनिटे शांत बसून किंवा आडवे राहून दाब मोजायचा. मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. शेजारी कुणीतरी आधाराला हवे. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त घसरला, तर ती डॉक्टरांना कळवण्याची गोष्ट आहे. समजा आपल्या रुग्णाचा दाब बसून १३२/७८ आणि उभे राहून तीन मिनिटांनी ११०/७० आला. वरचा आकडा २२ ने उतरला. बसून घेतलेला आकडा पाहून बीपी ‘अगदी छान’ वाटते, उभे राहिल्यावर तसे राहत नाही. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का, भिंत धरावी लागते का, हे विचारले तरी बरेच कळते.

डोसबद्दल काय?

झोल्पिडेमचा ज्येष्ठांसाठी शिफारस केलेला डोस ५ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीही साध्या गोळीचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला, कारण सकाळपर्यंत औषध रक्तात उरून वाहन चालवण्यावर परिणाम होत असल्याचे दिसले होते. याच संस्थेने २०१९ मध्ये या गोळीवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. काही जण गोळी घेतल्यावर झोपेतच चालतात, स्वयंपाक करतात, गाडीही काढतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही. असे एकदा जरी घडले, तरी गोळी बंद करून डॉक्टरांना सांगायचे.

म्हणून ७१ वर्षांच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर १० हा आकडा दिसताच फार्मासिस्ट थांबतो. डोस बदलण्याचा अधिकार त्याला नाही. तो चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन करतो आणि वय, टॅम्सुलोसिन आणि उभे राहून घेतलेला दाब या तीन गोष्टी सांगतो. ‘अर्धी करून घ्या’ असा सल्ला घरच्यांनी परस्पर अमलात आणू नये. पाकिटावर ‘सीआर’ असेल, तर ती हळूहळू विरघळणारी गोळी असते आणि ती तोडायची नसते.

झोप बीपीच्या गोळीमुळेच मोडत असेल तर?

हा प्रश्न क्वचित विचारला जातो. अॅम्लोडिपिनने काही जणांचे घोटे सुजतात. दिवसभर पायांत साठलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि लघवीवाटे बाहेर पडते. म्हणजे रात्रीच्या दोन फेऱ्यांचा दोष एकट्या प्रोस्टेटचा नसू शकतो. लघवी वाढवणारी बीपीची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तरीही तेच. मेटोप्रोलोल किंवा प्रोप्रानोलोल घेणाऱ्या काहींना झोप तुटण्याचा, विचित्र स्वप्नांचा त्रास होतो. गोळीची वेळ किंवा प्रकार बदलून हे सुटत असेल, तर झोपेच्या गोळीची गरजच उरत नाही. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे असेल, तर झोपेची गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते कळलेच पाहिजे.

चिठ्ठीशिवाय ही गोळी का मिळत नाही?

झोल्पिडेम, अल्प्राझोलाम ही औषधे ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि संख्या स्वतंत्र नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपणे दुकानदारावर बंधनकारक आहे. ‘शेजाऱ्यांना हीच लागू पडली’ म्हणून त्यांच्या पाकिटातली गोळी घेण्यात धोका तोच असतो, फक्त कुणी प्रश्न विचारणारे नसते.

अखेर मेसेजचे उत्तर काय?

डॉक्टरांशी बोलणे झाल्यावर उत्तर साधारण असे जाते : ‘बीपीच्या गोळीशी झोल्पिडेमचे वाकडे नाही. बीपीची गोळी सकाळी नेहमीसारखीच घ्यायची, झोपेच्या गोळीसाठी ती चुकवायची नाही. डॉक्टरांनी झोल्पिडेम ५ मिलिग्रॅम केली आहे, सध्या थोड्या दिवसांसाठीच. पोट भरलेले असताना घेतली तर परिणाम उशिरा होतो, म्हणून जेवणानंतर लगेच नको. प्रोस्टेटची कॅप्सूल जेवणानंतर आणि ही गोळी थेट अंथरुणावर पडताना, सात-आठ तास झोपायला असतील तेव्हाच. त्या दिवशी मद्य नको, गुंगीची सर्दीची गोळी नको. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसायचे, दिवा लावायचा, मग उभे राहायचे. घोटे सुजत असतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. चक्कर येऊन पडले, सकाळी गुंगी उतरली नाही किंवा बोलणे अडखळले, तर पुढची गोळी न देता लगेच कळवा. हाक मारूनही जागे होत नसतील किंवा श्वास मंद वाटला, तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.’

आणि ज्यांची झोपेची गोळी महिनोन् महिने चालू आहे, त्यांनी हे वाचून ती एकदम बंद करू नये. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारखी औषधे अचानक थांबवली तर बेचैनी वाढते, काही वेळा झटकेही येतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करायची असतात.