एक रेघ की दोन?

लाँग वीकएंड, मालवण, आणि आईची ऑर्डर: ‘खाजा घेतल्याशिवाय परतायचं नाही.’ बाजारपेठेच्या रस्त्यावर मी तिला दुकानापाशी सोडलं. समोर नो पार्किंगची पाटी होती, पण मी बिनधास्त. इंजिन चालू, मी सीटवर, मग हे पार्किंग कसलं?

तेवढ्यात हवालदार काचेवर टकटक करत आले. मी ऐटीत म्हटलं, ‘काका, मी गाडीतच बसलोय की!’

‘तुमी बसलास म्हणान काय झाला? आठ मिनटां झाली, गाडी हयच उभी आसा!’

पावती फाडून घेतली आणि घरी येऊन नियम वाचला. हवालदारच बरोबर होते. केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार माणसं किंवा सामान लगेच चढवण्या-उतरवण्यापुरतं थांबणं हे पार्किंग नव्हे. पण तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबलात की ते पार्किंगच! ड्रायव्हर सीटवर आहे की नाही, याने फरक पडत नाही. म्हणजे आईला उतरवलं ते माफ होतं, खाजा येईपर्यंत थांबलो तिथे चुकलो.

आता पाटी नीट आठवा. लाल कडेचा निळा गोल, त्यावर एकच तिरकी लाल रेघ म्हणजे नो पार्किंग. बऱ्याच पाट्यांवर ‘पी’ अक्षरही असतं. त्याच गोलावर दोन रेघांची फुली दिसली तर ते नो स्टॉपिंग. तिथे आईला उतरवण्यापुरतंही थांबायचं नाही. ट्रॅफिकमुळे किंवा पोलिसांनी हात दाखवल्यामुळे थांबावं लागलं तर गोष्ट वेगळी. अरुंद वळणावर किंवा चौकाच्या तोंडाशी मिनिटभर उभ्या राहिलेल्या गाडीमुळेही एसटी वळताना अडकते, फुली असते ती अशाच जागांसाठी. थोडक्यात, एक रेघ असेल तर उतरवा आणि निघा, फुली असेल तर पुढे चला.

दुसरी गफलत नो एन्ट्री आणि वन वेची. लाल गोलात आडवी पांढरी पट्टी दिसली की आपण समजतो, गल्लीच बंद. खरं तर बहुतेक वेळा ते वन वेचं बाहेर पडायचं तोंड असतं. वळसा घालून दुसऱ्या टोकाला जा, तिथे बाणाची पाटी तुम्हाला आत घेईल. नो एन्ट्रीच्या खाली छोटी पट्टी असेल तर तीही वाचा. कधी बंदी ठरावीक वेळेपुरतीच असते, कधी फक्त जड वाहनांना.

आणि लॉजमधून थेट गल्लीच्या मध्यावर बाहेर पडलात, जिथे एकही पाटी दिसत नाही, तर? उभ्या गाड्यांची तोंडं बघा. सगळ्या तुमच्याकडे तोंड करून असतील आणि पाट्यांची फक्त कोरी पाठ दिसत असेल, तर गाडी वळवा. तुम्ही उलटे चाललाय!

पुढच्या खेपेला मी गाडी आधी पार्किंगमध्ये लावली आणि खाजा आणायला चालत गेलो. आई म्हणाली, ‘पावतीपेक्षा हा स्वस्त पडला.’