मुलांच्या चॅटबॉटने किती बोलावं?

नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेतल्या पीआयआरजी या ग्राहक संघटनेने मुलांच्या बोलक्या खेळण्यांची तपासणी करून अहवाल काढला. त्यातल्या ‘कुम्मा’ नावाच्या अस्वलाच्या पोटात चॅटबॉट होता. थोडक्यात आटोपलेल्या बोलण्यात तो बराचसा सांभाळून वागला. गप्पा लांबत गेल्या तसा मात्र काडी कशी पेटवायची ते सांगू लागला आणि पुढे लैंगिक विषयांवरही बोलला. उत्पादक कंपनीला काही काळ विक्री थांबवावी लागली.

हा एका खेळण्यातला दोष नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही कबूल केलं, की सुरक्षेचे उपाय छोट्या संवादात जास्त भरवशाचे असतात आणि लांबलेल्या संवादात ढिले पडू शकतात. चॅटबॉट प्रत्येक उत्तर देताना तोवरचं सगळं बोलणं पुन्हा विचारात घेतो. ‘तू लहान मुलांशी बोलतो आहेस’ ही सूचना सुरुवातीला दिलेली असते. शंभर वाक्यांनंतर तिच्यापेक्षा मुलाशी रंगलेल्या गप्पांचा जोर वाढतो. म्हणून मुलांसाठीच्या चॅटबॉटची पहिली सुरक्षा म्हणजे मोकळ्या गप्पांना घातलेली मर्यादा.

पाचवीच्या विज्ञानासाठी चॅटबॉट करायचा आहे असं समजू. विषय पाठ्यपुस्तकापुरता ठेवायचा. एका बैठकीत दहाच प्रश्न. त्यानंतर संवाद बंद आणि पुढची बैठक कोऱ्या पाटीवर. त्यामुळे जुन्या गप्पांचं ओझं साचत नाही. ‘मी तुझा मित्र आहे’, ‘इतक्यात जाऊ नकोस’ अशी वाक्यं त्याच्या तोंडी येऊच द्यायची नाहीत. पेल्याखाली मेणबत्ती का विझते, हे तो समजावेल. ‘मग घरी काय काय पेटवता येईल?’ असं विचारलं, तर प्रयोग मोठ्या माणसासोबतच करायचा एवढं सांगून विषयाकडे परत येईल.

दुसरा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंची तपासणी. मुलाने लिहिलेलं चॅटबॉटकडे जाण्याआधी तपासायचं आणि चॅटबॉटचं उत्तर मुलाला दिसण्याआधी. नुसती धोकादायक शब्दांची यादी मराठीत फसते. ‘मारणे’ हा शब्द अडवला, तर डास मारायचा उपाय विचारणारं मूल अडकतं. ‘मला आता काहीच नको वाटतं’ हे वाक्य मात्र बिनबोभाट निसटतं. शिवाय मुलं मराठी बरेचदा रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने लिहितात. म्हणून शब्दाऐवजी वाक्याचा अर्थ तपासणारी दुसरी यंत्रणा लागते आणि ती मुलांच्या खऱ्या मराठीवर पारखून घ्यावी लागते.

तिसरा प्रश्न पालकांना काय दिसावं, हा. खान अकॅडमीच्या ‘खानमिगो’मध्ये पालकांना संपूर्ण संवाद वाचता येतो. कॅरेक्टर एआयने २०२५मध्ये पालकांसाठी साप्ताहिक अहवाल सुरू केला. त्यात वेळ आणि पात्रांची नावं होती, पण संवाद नव्हता. माझ्या मते दहा वर्षांखालच्या मुलांचं सगळं बोलणं पालकांना दिसावं. किशोरवयीन मुलांबाबत विषय आणि वेळ पुरे, कारण प्रत्येक ओळ वाचली जाते हे कळलं, की ती दुसऱ्या, कसलंच बंधन नसलेल्या ॲपकडे वळतात. जिवाला धोका दिसला, तर मात्र कोणत्याही वयात मोठ्या माणसाला कळवायलाच हवं. काय दिसतं आणि काय नाही, हे मुलाला आधीच सांगितलेलं असावं.

यात एक अवघड जागा आहे. मूल घरातल्याच कुणाच्या मारहाणीबद्दल लिहीत असेल, तर पालकांना गेलेली सूचना त्याच्यावरच उलटू शकते. अशा वेळी चॅटबॉटने समुपदेशक व्हायचा प्रयत्न करू नये. गप्पा थांबवून त्याने १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक मुलासमोर ठेवावा आणि शाळेतल्या विश्वासाच्या शिक्षकांशी बोलायला सांगावं.

नोव्हेंबर २०२५मध्ये कॅरेक्टर एआयने अठरा वर्षांखालच्यांसाठी मोकळ्या गप्पा पूर्ण बंद केल्या. तरीही जन्मसाल खोटं टाकणारं मूल ओळखणं आजही अवघडच आहे. आपल्याकडच्या २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. पण संमतीचं बटण दाबल्याने आतलं बोलणं सुरक्षित होत नाही.

म्हणून मुलाच्या हाती देण्याआधी पालकांनी स्वतः त्या चॅटबॉटशी अर्धा तास सलग बोलावं. आधी अभ्यासाचं विचारावं, मग हळूहळू विषय भरकटवावा, रोमन मराठीत लिहावं, उदास असल्याचं सांगावं आणि शेवटी निरोप घ्यावा. तिसाव्या मिनिटालाही तो पहिल्या मिनिटाइतकाच सावध असेल आणि निरोप घेताना अडवत नसेल, तरच तो मुलाला द्यावा.