ईआरपीची खरी किंमत

ईआरपीचा खर्च लायसन्सच्या दरावरून ठरवला, तर हिशेब चुकतो. तो पाच वर्षांचा मांडावा लागतो. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईत तयार झालेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्याला लायसन्स फी नाही. तरीही समजा, दहा जण ते वापरणाऱ्या एका कारखान्यात सर्व्हरला वर्षाला ३० हजार आणि सपोर्टला ६० हजार रुपये लागतात. पाच वर्षांचे साडेचार लाख झाले. सुरुवातीची उभारणी तीन लाख, प्रशिक्षण ५० हजार.

छुपा खर्च जुन्या नोंदींत असतो. एकच बोल्ट तीन नावांनी नोंदलेला असेल, तर स्टॉक कधीच जुळत नाही. ही यादी साफ करण्यात २० हजार पगाराचे दोन कर्मचारी दोन महिने गुंतले, की आणखी ८० हजार. एकूण ८ लाख ८० हजार.

स्वतःच्या सोयीने करून घेतलेला प्रत्येक बदल नव्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा तपासावा लागतो. तो खर्च यात धरलेला नाही. कर्मचारी अजूनही समांतर एक्सेल ठेवत असतील, तर प्रशिक्षण अपुरे पडले आहे आणि एकाच कामाचा पगार दोनदा जातो आहे.