जुन्या योजनेचे गाळप : अडतीस पानांची सहा पाने कशी करावीत



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातले एक पोर आता शेतावर नसून भोसरी, चिखली किंवा चाकणच्या वसाहतीत आहे. कुणी नोकरी करतो, तर कुणी भाड्याच्या गाळ्यात दोन लेथ टाकून मोठ्या कारखान्यांच्या पुरवठादारांना सुटे भाग करून देतो. अशा वर्कशॉपला वाढायचे म्हटले की भांडवल लागते आणि भांडवल मागायला गेले की समोरचा म्हणतो, "तुमची योजना द्या." मग कपाटातून आठ-दहा वर्षांपूर्वीची फाईल निघते. तिच्यात दरवर्षी दोन पाने वाढलेली असतात, जुने एकही पान गेलेले नसते. अशा फाईलचे काय करावे, ते एका नमुन्यावरून सांगतो. नमुना समजावण्यापुरता आम्ही बांधलेला आहे आणि त्यातले आकडे हिशेबाला सोयीचे घेतले आहेत.

समजा, योजना २०१६ साली लिहिलेली आणि अडतीस पानांची आहे. पहिली चार पाने घराण्याची व वर्कशॉपची हकीकत, पुढची सहा वाहन उद्योगाच्या भरभराटीवर. उलाढालीचा आकडा तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी वेगळा. तळेगावच्या जनरल मोटर्सच्या वाढीमुळे आपले काम दुप्पट होईल, असेही एक वाक्य आहे. त्या कंपनीने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद केले. तरी ते वाक्य फाईलमध्ये जसेच्या तसे. किती पैसे हवेत, ते कळते एकतिसाव्या पानावर. पैसे देणारा माणूस तिथवर पोचत नाही.

दोष भाषेचा नाही, क्रमाचा आहे. जुनी योजना लिहिणाऱ्याच्या आठवणींच्या क्रमाने चालते. पैसे देणारा मात्र आपल्या प्रश्नांच्या क्रमाने वाचतो. ते प्रश्न सहाच : काय बनवता व कोणाला विकता? किती पैसे हवेत व कशावर खर्च होणार? आजवर काय करून दाखवले? पैसा परत कसा येणार? काय बिघडू शकते? आणि मला त्या बदल्यात काय मिळणार?

म्हणून नव्याने लिहायला बसू नये. मूळ फाईल तशीच ठेवून तिची एक प्रत एका बाजूला छापून घ्यावी आणि कात्रीने परिच्छेद सुटे करावेत. प्रत्येक तुकड्यावर तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो तो आकडा टाकावा आणि सहा ढीग लावावेत. एकाही प्रश्नाचे उत्तर न देणारा तुकडा सातव्या ढिगात. घराण्याची हकीकत आणि वाहन उद्योगाची सहा पाने तिकडेच जातील. ढीग लावले की न वाचताही दोन गोष्टी दिसतात. एकच मजकूर चार वेळा आलेला असतो आणि एखादा ढीग जवळजवळ रिकामा असतो.

आता प्रत्येक ढिगातला सर्वांत ताजा व नेमका तुकडा ठेवून बाकीचे काढावेत. आकड्यांत भांडण असेल तर सरासरी काढू नये किंवा मोठा आकडा निवडू नये. शेवटच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि जीएसटीची विवरणपत्रे काढून त्यांतला आकडाच घालावा, कारण पैसे देणारा तीच कागदपत्रे मागणार आहे. मशिनची कोटेशने, ताळेबंद, गिऱ्हाइकांची ऑर्डरपत्रे ही फेकायची नाहीत, शेवटी परिशिष्टात लावायची. उसाचे चिपाड आपण फेकत नाही, बॉयलरला घालतो, तसेच हे.

आमच्या नमुन्यात चौथा ढीग, म्हणजे पैसा परत येण्याचा, रिकामा निघाला. तिथे "भरपूर नफा होईल" एवढेच होते. काटछाटीने हे भरून निघत नाही, तिथे हिशेबच मांडावा लागतो. तो असा :

गरज साठ लाखांची. चाळीस लाखांचे व्हीएमसी मशीन, दहा लाख फिक्स्चर, टूल व विजेच्या कामाला, आणि दहा लाख खेळते भांडवल, कारण बिलाचे पैसे दोन-अडीच महिन्यांनी येतात. स्वतःचे दहा लाख, बँकेचे तीस, बाहेरच्या भागीदाराकडून वीस. दोन पाळ्यांत महिन्याला चारशे तास हाती असतात, त्यांतले तीनशे तास काम मिळाले आणि तासाला सहाशे रुपये दर पडला, तर एक लाख ऐंशी हजार येतात. कामगार, वीज आणि टूल यांचा खर्च ऐंशी हजार. बँकेचा हप्ता पाच वर्षांसाठी अकरा टक्क्यांनी सुमारे पासष्ट हजार. कर व मशिनची झीज सोडून हाती राहतात पस्तीस हजार.

आता उलटा हिशेब करावा. खर्च आणि हप्ता मिळून एक लाख पंचेचाळीस हजार होतात, त्यांना सहाशेने भागले की साधारण दोनशे बेचाळीस तास येतात. त्याखाली काम गेले की हप्ता खिशातून भरावा लागणार. सहा पानांतले हे सर्वांत मोलाचे वाक्य आहे आणि अडतीस पानांत ते कुठेच नव्हते.

पाचव्या ढिगाला बरेच जण कात्री लावतात. सत्तर टक्के काम एकाच गिऱ्हाइकाचे असेल तर ते लिहावेच, आणि दुसरे गिऱ्हाईक मिळवायला काय चालले आहे तेही लिहावे. विवरणपत्रे बघताच ही गोष्ट समोरच्याला कळतेच. आपण सांगितली तर ती जोखीम ठरते, त्याने शोधली तर लपवाछपवी.

सहाव्या प्रश्नात आपला सहकारातला अनुभव फसवतो. कारखान्यात भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. कंपनीत मते भागांच्या प्रमाणात. म्हणून वीस लाखांच्या बदल्यात किती टक्के भाग देणार, आणि भागीदाराला पुढे बाहेर पडायचे झाल्यास वाट कोणती, हे स्पष्ट लिहावे लागते. वर्कशॉप एकट्याच्या मालकीचे असेल तर त्याला भाग देताच येत नाहीत. आधी प्रायव्हेट कंपनी किंवा रीतसर भागीदारी करावी लागते. प्रायव्हेट कंपनीला भागांसाठी जाहीर आवाहन करता येत नाही, तेव्हा योजनेच्या प्रती गावभर वाटू नयेत.

शेवटी ढीग प्रश्नांच्या क्रमाने जोडावेत आणि पहिले पान सर्वांत शेवटी लिहावे. त्यावर चार-पाच वाक्यांत काय बनवतो, कोणासाठी, किती हवेत, कशाला आणि परत कसे, एवढेच. पहिल्या पानावरचा प्रत्येक आकडा आतल्या पानाशी व ताळेबंदाशी पेन्सिलने ताडून बघावा.

मग धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या शहाण्या माणसाला ते एकच पान द्यावे, दहा मिनिटांनी काढून घ्यावे आणि विचारावे, "पैसे किती हवेत, कशाला, आणि काम कमी मिळालं तर काय?" तिन्हींची उत्तरे त्याने न अडखळता दिली, तर योजना दाखवायला तयार आहे. अडखळला, तर ज्या प्रश्नावर अडखळला तो ढीग पुन्हा उघडावा.