रेषेचा चढ आणि रेषेखालची जागा

वेग-काल आलेखात आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर वेग असतो. वस्तू कोणत्या ठिकाणी आहे, हे या आलेखात कुठेही लिहिलेले नसते. तो दाखवतो ते इतकेच की, प्रत्येक क्षणी वस्तू किती वेगाने आणि कोणत्या बाजूला चालली आहे. गतीच्या कृतिपत्रिकेतल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात. आडवी रेषा दिसली की ‘वस्तू थांबली’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात ती एकाच वेगाने पळत असते. थांबलेल्या वस्तूची रेषा काळाच्या अक्षावरच असते.

सरळ रुळावरून जाणाऱ्या एका ट्रॉलीचा आलेख घेऊ. पहिल्या ४ सेकंदांत तिचा वेग शून्यापासून ८ मी/से होतो. १० व्या सेकंदापर्यंत तो ८ वरच राहतो. मग रेषा सरळ खाली उतरू लागते, १४ व्या सेकंदाला अक्ष ओलांडते आणि १६ व्या सेकंदाला उणे ४ मी/से पर्यंत पोचते. तिथून ती पुन्हा वर चढते आणि १८ व्या सेकंदाला शून्यावर येते.

त्वरण म्हणजे या रेषेचा चढ: वेगात पडलेला फरक भागिले त्यासाठी लागलेला काळ. पहिल्या तुकड्यात ८ भागिले ४, म्हणजे २ मी/से². आडव्या तुकड्यात वेग बदलतच नाही, म्हणून त्वरण शून्य. १० ते १६ सेकंदांत वेग ८ वरून उणे ४ वर आला. फरक उणे १२, काळ ६ सेकंद, त्वरण उणे २ मी/से². १२ व्या सेकंदाचे त्वरण विचारले की अनेक विद्यार्थी त्या क्षणाचा वेग ४ आणि काळ १२ यांचा भागाकार करून ०.३३ उत्तर काढतात. तो चढ नव्हे. चढासाठी त्याच तुकड्यावरचे दोन बिंदू घ्यावे लागतात, आणि १२ व्या सेकंदालाही उत्तर उणे २ च येते.

विस्थापन मिळते ते रेषा आणि काळाचा अक्ष यांच्यामधल्या क्षेत्रफळातून. आडव्या तुकड्याखाली आयत आहे: ८ मी/से वेगाने ६ सेकंद, म्हणजे ४८ मीटर. वेग गुणिले काळ हेच आयताचे क्षेत्रफळ, म्हणून इथे शंका राहत नाही. वेग एकसारखा वाढतो तेव्हा सरासरी वेग सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाच्या मधोमध असतो. पहिल्या ४ सेकंदांत ती सरासरी ४ मी/से, म्हणून अंतर १६ मीटर. त्रिकोणाचे क्षेत्रफळही तेवढेच भरते. हीच गोष्ट निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाने १४ व्या शतकात, गॅलिलिओच्या कितीतरी आधी, आकृती काढून दाखवली होती. १० ते १४ सेकंदांच्या त्रिकोणाचेही १६ मीटर. ट्रॉली इथवर ८० मीटर पुढे गेली.

खरी परीक्षा अक्षाखाली आहे. १४ ते १८ सेकंदांचा त्रिकोण ४ सेकंद पायाचा आणि ४ मी/से उंचीचा. क्षेत्रफळ ८ मीटर, पण ते उणे, कारण ट्रॉली मागे येत आहे. म्हणून विस्थापन ८० वजा ८, म्हणजे ७२ मीटर. कापलेले अंतर मात्र ८० अधिक ८, म्हणजे ८८ मीटर. प्रश्नात कोणता शब्द आहे, यावर उत्तर ठरते.

ट्रॉली मागे कधी वळली? रेषा १० व्या सेकंदाला खाली वळते, पण तिथे ट्रॉली फक्त मंदावू लागते. वेगाचे चिन्ह बदलते तो १४ वा सेकंद हाच वळण्याचा क्षण. पुढची गोष्ट याहून फसवी आहे. १४ ते १६ सेकंदांत त्वरण उणे असूनही ट्रॉलीची चाल वाढते आणि १६ नंतर त्वरण धन असूनही चाल कमी होते. उणे त्वरण म्हणजे ब्रेक, हे पाठ केलेले वाक्य इथे खोटे ठरते. वेग आणि त्वरण यांची चिन्हे सारखी असली तर चाल वाढते, वेगळी असली तर घटते.

अक्षांवरची एककेही आधी तपासावीत. वेग किमी/तास मध्ये आणि काळ सेकंदांत असेल, तर क्षेत्रफळ मीटरमध्ये येणार नाही. ३६ किमी/तासचे १० मी/से करून घ्यावे लागतात. उभा अक्ष शून्याऐवजी मधल्याच आकड्यापासून सुरू केला असेल, तर रेषेखाली दिसणारी जागा अपुरी असते. चढ मात्र तरीही बरोबर मिळतो.

आणि ७२ मीटर हे विस्थापन ट्रॉली जिथून निघाली तिथून मोजलेले आहे. ती रुळावरच्या कोणत्या खुणेवरून निघाली, हे प्रश्नात दिले असेल तरच अखेरीस ती कुठे उभी आहे ते सांगता येते.