ऑर्डरी शंभर, हाती किती?

सोमवार ते रविवार असा आठवडा संपतो आणि फूड डिलिव्हरीच्या भागीदार ॲपवर पेआउटचा गोषवारा येतो. छोट्या हॉटेलचा मालक त्याचा स्क्रीनशॉट काढून हिशेब पाहणाऱ्या भाच्याला किंवा सीएला पाठवतो, आणि पाठोपाठ विचारतो, "कमिशन तर बावीस टक्के ठरलंय, मग एवढेच पैसे का आले?" या प्रश्नाचे उत्तर त्याच स्क्रीनशॉटमध्ये असते, पण तिथला प्रत्येक टक्का वेगवेगळ्या रकमेवर लागलेला असतो. कोणता टक्का कशावर लागला एवढे कळले की बाकी राहते ती साधी वजाबाकी.

पुण्यात थालीपीठ, मिसळ आणि पोळीभाजी विकणारे एक छोटे उपाहारगृह धरू. आकडे नमुन्याचे आहेत, रीत मात्र खरी. आठवड्यात १०० ऑर्डरी गेल्या. मेनूच्या दराने पदार्थांचे ३०,००० रुपये झाले आणि पॅकिंगचे १,०००. म्हणजे एकूण ३१,०००. यातले ४,००० रुपये सवलतीत गेले, आणि ही सवलत हॉटेलने स्वतःच्या खिशातून दिलेली आहे. कंपनीने आपल्या पैशाने दिलेली सवलत यात येत नाही, ती वेगळ्या ओळीत दिसते आणि तिचा भार हॉटेलवर नसतो. तेव्हा खरी विक्री झाली २७,००० रुपये. हिशेबाची सुरुवात या आकड्यापासून करायची.

ग्राहकाने या जेवणावर ५ टक्के जीएसटीही भरला, म्हणजे १,३५० रुपये. अनेक जण ही रक्कम विक्रीत मिळवतात आणि मग ताळा जमत नाही. १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरून विकल्या जाणाऱ्या हॉटेलच्या जेवणावरचा जीएसटी सरकारकडे भरण्याची जबाबदारी कंपनीची आहे. तो पैसा हॉटेलकडे येतही नाही आणि हॉटेलने तो भरायचाही नसतो. जीएसटी नोंदणी असेल तर ही विक्री ३-बी विवरणपत्रात स्वतंत्र रकान्यात दाखवावी लागते, एवढेच. आपल्या हिशेबात मात्र १,३५० रुपयांना हातच लावायचा नाही.

आता कमिशन. २७,००० वर २२ टक्के, म्हणजे ५,९४० रुपये. त्याशिवाय ऑनलाइन पैसे वसूल करण्याचे शुल्क असते, ते आपण २ टक्के धरू: ५४० रुपये. दोन्ही मिळून ६,४८० झाले. ही कंपनीने हॉटेलला दिलेली सेवा आहे आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो १,१६६ रुपये ४० पैसे. करारात वाचलेल्या बावीस टक्क्यांचे इथे प्रत्यक्षात २८.३२ टक्के होतात, म्हणजे २७,००० मधून ७,६४६ रुपये ४० पैसे कापले जातात.

हा १८ टक्के कर पुढे वळता होईल अशी पुष्कळांची समजूत असते. छोट्या हॉटेलांच्या बाबतीत ती चुकीची आहे. जेवणावर ५ टक्क्यांचा दर घेतला की खरेदीवर आणि सेवांवर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळत नाही, ही त्या दराची अटच आहे. त्यामुळे तो कर हॉटेलचा निव्वळ खर्च ठरतो आणि तो पदार्थाच्या किमतीतूनच भरून काढावा लागतो.

याउलट टीडीएस दिसायला कपात असली, तरी तो पैसा आपलाच राहतो. ॲपवरच्या विक्रीवर कंपनी विक्रेत्याचा आयकर आगाऊ कापते. हा दर आधी १ टक्का होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून तो ०.१ टक्का झाला. आपल्या हिशेबात तो होतो फक्त २७ रुपये. आयकर विवरणपत्र भरताना ही रक्कम जमा धरली जाते. पॅन दिलेला नसेल तर दर ५ टक्के होतो. म्हणून या ओळीत २७ च्या जागी १,३५० दिसले, तर आधी ॲपवरची पॅनची नोंद तपासावी.

राहिली जाहिरात. ॲपवर आपले नाव वर दिसावे म्हणून हॉटेलने २,५०० रुपयांची जाहिरात लावली. तिच्यावरही १८ टक्के जीएसटी आहे, ४५० रुपये. एकूण २,९५० रुपये पेआउटमधूनच वळते होतात. ग्राहकांच्या तक्रारींपोटी आणखी ६०० कापले गेले असे धरू.

आता वजाबाकी सलग मांडून पाहा.

```
27,000.00   विक्री, सवलत वजा जाता
-6,480.00   कमिशन आणि वसुली शुल्क
-1,166.40   त्यावरचा 18% जीएसटी
   -27.00   टीडीएस
-2,950.00   जाहिरात, जीएसटीसह
  -600.00   तक्रारींची कपात
---------
15,776.60   बँकेत येणारी रक्कम
```

मेनूच्या दराने ३१,००० चा माल गेला आणि खात्यात १५,७७६ रुपये ६० पैसे आले, म्हणजे जेमतेम निम्मे.

स्क्रीनशॉटवरचा शेवटचा आकडा याच्याशी जुळला नाही, तर फरक किती आहे त्यावरून चूक शोधता येते. समजा, ३५४ रुपये कमी आले. त्या फरकाला १.१८ ने भागा. उत्तर बरोबर ३०० येते. असा पूर्ण आकडा निघाला की तो बहुतेक वेळा जाहिरातीचा किंवा एखाद्या शुल्काचा असतो, कारण १८ टक्के जीएसटी त्यांवरच लागतो. मागच्या आठवड्यातली उरलेली जाहिरात या आठवड्यात कापली जाणे हे नेहमीचे कारण. फरक १,०३८ रुपये ४० पैसे आला, तर कमिशन सवलतीआधीच्या ३१,००० वर लागले आहे. तेव्हा ८८० रुपये जास्त कमिशन आणि त्यावरचा कर मिळून नेमका हाच आकडा होतो. कमिशन सवलतीच्या आधी लावायचे की नंतर, हे करारात लिहिलेले असते; ते वाचूनच तक्रार नोंदवावी. स्क्रीनशॉट हा फक्त गोषवारा असतो, त्यामुळे वाद घालताना ऑर्डरनिहाय तपशिलाची एक्सेल फाइल उतरवून घ्या आणि बँकेतल्या जमेशी यूटीआर क्रमांक जुळवा.

एक मर्यादा सांगायलाच हवी. हा हिशेब हॉटेलात शिजवलेल्या जेवणाचा आहे. लाडू-चिवड्याची पाकिटे माल म्हणून विकली, तर त्यांचा जीएसटी विक्रेत्यालाच भरावा लागतो आणि कंपनी टीसीएसही कापते. त्या विक्रीचा हिशेब वेगळा मांडायचा.

सगळ्या ओळींत हॉटेलच्या हातात सर्वांत जास्त असते ती जाहिरातीची, आणि तपासली जाते तीच सर्वांत कमी. आपल्या उदाहरणात सवलतीनंतरची सरासरी ऑर्डर २७० रुपयांची आहे. २८.३२ टक्के गेल्यावर १९३ रुपये ५४ पैसे उरतात. धान्य, भाजी, गॅस आणि डबा मिळून १३० रुपये लागत असतील, तर एका ऑर्डरमागे राहतात साधारण साडेत्रेसष्ट. २,९५० रुपयांची जाहिरात भरून निघायला ४७ ऑर्डरी लागतात, आणि त्याही जाहिरात नसती तर आल्याच नसत्या अशा. शंभरांतल्या ४७ जाहिरातीमुळे आल्या असे खात्रीने म्हणता येत नसेल, तर पुढच्या आठवड्यात ती निम्म्यावर आणा आणि ऑर्डरी किती घटतात ते मोजा.